काटा नऊवर, तरी शॉट बिघडलेला: लिव्हरच्या एस्प्रेसो यंत्रावरचं एक प्रकरण

तक्रार थोडक्यात अशी होती. एका मैत्रिणीने हाताने दाबायचं लिव्हर यंत्र घेतलं होतं. त्यात पंप नाही, बॉयलर नाही, वीजही लागत नाही. उकळतं पाणी वरून सिलिंडरमध्ये ओतायचं आणि दांडा खाली दाबायचा. सोबत दाब दाखवणारं गेज होतं. तिने काटा नीट नऊ बारवर धरून ठेवला, पंचवीस सेकंदांत कप भरला, म्हणजे वाचलेलं सगळं पाळलं. तरी कॉफी एकाच घोटात आंबटही लागायची आणि कडूही, आणि मध्ये जो दाटपणा हवा तो नसायचाच. पूड बारीक केली की कडूपणा वाढायचा, जाड केली की आंबटपणा.

आंबट आणि कडू एकत्र येणं ही नेमकी खूण आहे. पुडीच्या काही भागाचा अर्क पाण्यात अर्धवट उतरला आणि काही भागाचा गरजेपेक्षा जास्त उतरला, असा तिचा अर्थ. नुसती जाड पूड असती तर चव एकाच बाजूला झुकली असती. म्हणून दळणाला हात न लावता शॉट चालू असताना, म्हणजे दांडा दाबून एक कप उतरत असताना, आत काय होतंय ते आधी पाहायचं ठरवलं.

त्याआधी यंत्राचं गणित मांडून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. या यंत्राच्या दट्ट्याचा व्यास 49 मिलिमीटर आहे, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ जवळपास 19 चौरस सेंटिमीटर भरतं. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो वजनाचा भार. नऊ बारसाठी दट्ट्यावर 170 किलोच्या आसपास भार पडावा लागतो. एवढं कुणाच्या हाताला झेपणार नाही, म्हणून दांडा. दांड्याचं टोक आठ सेंटिमीटर खाली आलं की दट्ट्या एक सेंटिमीटर उतरतो, आणि त्या बदल्यात हाताचा जोर आठपट होतो. म्हणजे नऊ बारला हातावर सुमारे 21 किलो, पाच बारला 12 किलो, दोन बारला पाच किलोच्या आत. दट्ट्याच्या रबरी सीलचं घर्षण यात धरलेलं नाही. ते हाताला जाणवतं, पण कॉफीपर्यंत पोचत नाही.

लिव्हर यंत्रांतही दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत होते. एकीत दांडा खाली ओढला की आतली स्प्रिंग आवळली जाते. दांडा सोडला की स्प्रिंग दट्ट्या ढकलते आणि दांडा आपोआप वर येतो. मिलानच्या अकिले गाजियाने 1940 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणलेली यंत्रं या जातीची. कॉफीवर क्रेमा, म्हणजे तपकिरी फेसाचा जाड थर, दिसू लागला तो त्यांच्यापासून, कारण त्याआधीची वाफेच्या दाबावर चालणारी यंत्रं दीड-दोन बारच्या पुढे फारशी जात नसत. दुसऱ्या जातीत स्प्रिंग नसते. दट्ट्यावर जो भार पडतो तो सरळ हाताचा. मैत्रिणीचं यंत्र या दुसऱ्या जातीचं.

स्प्रिंगच्या यंत्रात दाब कुठून सुरू होणार आणि कुठे उतरणार हे स्प्रिंग ठरवते. हाताच्या यंत्रात ते ठरवणारं कुणी नसतं, म्हणून माणूस बाहेरून एखादा आकडा उचलून आणतो. तिने नऊ हा आकडा आणला होता. तो चुकीचा नाही, पण तो पंपाच्या यंत्रांच्या वापरात रुळलेला आकडा आहे. 1961 साली फाएमाच्या ई-61 यंत्राने स्प्रिंगऐवजी विजेचा पंप वापरला आणि शॉटभर एकसारखा दाब ही गोष्ट रूढ होत गेली. पंपाला सगळ्यात सोपं तेच असतं. कॉफीला ते सगळ्यात सोयीचं असतं असं नाही, आणि हे प्रकरण नेमकं तिथेच अडलं होतं.

तपासासाठी तीन गोष्टी केल्या. कपाखाली वजनकाटा ठेवला. पुडीचं जाळीदार बास्केट धरणारा, तळ कापलेला पोर्टाफिल्टर लावला, म्हणजे बास्केटची जाळी खालून उघडी दिसते. आणि मोबाइल समोर उभा करून गेज, वजनकाट्याचा आकडा आणि जाळी तिन्ही एका चौकटीत येतील असं चित्रण केलं. पूड 16 ग्रॅम, सिलिंडरमध्ये पाणी 60 मिलि, धातूचे भाग आधी उकळत्या पाण्याने तापवून घेतलेले.

चित्रण हळू चालवून पाहिलं तेव्हा गोष्ट उघडी पडली. तिने तीन-चार सेकंदांतच काटा नऊवर नेला होता. सहाव्या सेकंदाला पहिले थेंब दिसले. पंधराव्या सेकंदाला कपात 9 ग्रॅम कॉफी होती, विसाव्याला 20 आणि पंचविसाव्याला 36. म्हणजे सुरुवातीला सेकंदाला एक ग्रॅम, मधल्या पाच सेकंदांत दोनाहून थोडी जास्त, शेवटच्या पाच सेकंदांत तीनाहून जास्त. काटा या सगळ्या वेळात नऊवरून हललाही नव्हता. कपातली अर्ध्याहून थोडी कमी कॉफी शेवटच्या पाच सेकंदांत उतरलेली होती. आणि सोळाव्या सेकंदाच्या सुमारास जाळीच्या एका कडेला फिक्या रंगाची धार दिसू लागली होती, बाकीचा भाग अजून गडद असताना.

इथे दाब आणि प्रवाह यांतला फरक समजून घ्यावा लागतो. बास्केटमध्ये दाबून बसवलेली पूड, म्हणजे पक, पाण्याला अडवते. तो अडथळा जितका मोठा, तितकं ठरावीक दाबाला पाणी हळू जातं. अडथळा अर्ध्यावर आला आणि दाब तोच राहिला, तर प्रवाह दुप्पट होतो. पकचा अडथळा शॉटभर एकसारखा राहत नाही. सुरुवातीला पूड पाणी पिऊन फुगते, बारीक कण खाली सरकतात, म्हणून तो वाढतो. नंतर पुडीतले विरघळणारे पदार्थ निघून जाऊ लागतात, कण पोकळ होतात आणि अडथळा घटत जातो. म्हणजे दाब नऊवर खिळवून ठेवला की शेवटी कॉफी धावणारच. थोडी धावली तर बिघडत नाही, पंपाच्या यंत्रांतही ती धावतेच. पण सेकंदाला एकाचे तीन ग्रॅम होणं, तेही एका कडेला फिकी धार दिसत असताना, हा पकच्या नैसर्गिक सैल होण्याचा प्रकार नव्हता. तिथे पाण्याने वाट पाडली होती. याला चॅनेलिंग म्हणतात. बांधाला उंदराने एक बीळ पाडलं की पाणी सगळ्या बांधातून न झिरपता त्या बिळातूनच जातं आणि जाताजाता ते रुंद करतं, तसंच. बिळाच्या भिंतीवरची पूड गरजेपेक्षा जास्त धुतली जाते आणि कडू उतरते. बाकीच्या पुडीला पाणीच कमी मिळतं आणि ती आंबट राहते.

दोन्ही प्रकार वेगळे ओळखता येतात. नैसर्गिक सैलपणात धार हळूहळू फिकी होते, ती जाळीभर सारखी फिकी होते आणि वेग सावकाश चढतो. वाट पडली की वेगाची उडी एक-दोन सेकंदांत दिसते, फिकी रेघ एकाच जागी येते आणि कधीकधी बारीक फवारा उडतो. शॉट संपल्यावर पक काढून पाहिला तेव्हा त्याच कडेला टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं. त्यानंतर शंकेला जागा उरली नाही.

मग प्रश्न असा की हे यंत्र चालवणाऱ्याला चालू शॉटमध्ये कळायला हवं होतं का? माझ्या मते हो, आणि गेजपेक्षा आधी हाताला. स्प्रिंग नसलेल्या लिव्हरमध्ये हाताला दोन वेगळ्या गोष्टी जाणवतात. दांडा किती जड लागतो हा दाब, आणि दांडा किती वेगाने खाली जातो हा प्रवाह. सिलिंडर पाण्याने भरलेला असताना दट्ट्या जेवढा उतरतो तेवढंच पाणी पकमधून जातं. आकड्यांत सांगायचं तर सेकंदाला दीडएक ग्रॅम कॉफी उतरत असेल तेव्हा दट्ट्या सेकंदाला पाऊण मिलिमीटर सरकतो आणि दांड्याचं टोक सहा मिलिमीटर. प्रवाह दुप्पट झाला की टोक सेकंदाला बारा मिलिमीटर सरकतं. सहा आणि बारा यांतला फरक डोळे मिटूनही कळतो. पण मैत्रिणीचं सगळं लक्ष काट्यावर होतं. दांडा हाताखालून पळू लागला की ती काटा नऊवरून पडू नये म्हणून त्याचा पाठलाग करत होती, म्हणजे बिळाला अजून पाणी पुरवत होती. गेज फक्त दाब दाखवतं आणि दाब तर ती स्वतःच धरून होती. त्यामुळे गेजवर बिघाड दिसण्याचं कारणच नव्हतं.

हाताच्या या अंदाजाला एक अपवाद आहे आणि तो शॉटच्या सुरुवातीलाच असतो. पाण्याच्या वर आणि पुडीच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते. समजा दहा मिलि हवा असेल, तर नऊ बारला ती दाबली जाऊन एक मिलि उरते. म्हणजे दांड्याचा सुरुवातीचा प्रवास हवा आवळण्यात जातो, त्याला प्रवाह समजायचं नाही. शिवाय कोरडी पूड जवळजवळ आपल्या वजनाइतकं पाणी पिते. 16 ग्रॅम पुडीत 16 ते 18 मिलि पाणी मुरून गेल्यावरच कपात काही येतं. त्यामुळे पहिले थेंब पडेपर्यंत दांड्याच्या वेगावरून निष्कर्ष काढू नये. त्या हवेचा एक फायदाही आहे. ती गादीसारखी काम करते, दांडा जागीच थांबवला तरी दाब धाडकन पडत नाही, दोन-तीन सेकंद घेत उतरतो.

दुसऱ्या फेरीत पूड तीच, दळण तेच, पाणी तेच, तापमानाची तयारी तीच ठेवली. बदलला तो फक्त हात. सुरुवातीला दांडा इतकाच दाबायचा की काटा दोन बारपर्यंत चढेल, म्हणजे पाच किलोपेक्षा कमी जोर, आणि तिथेच थांबायचं. यामागे कारण आहे. कोरड्या पकवर एकदम नऊ बार पडले तर पाणी जिथे पूड जरा सैल असेल तिथे आधी घुसतं, आणि बाकीचा भाग भिजून फुगायच्या आत ती वाट पक्की होते. कमी दाबाने भिजवलं तर पूड सगळीकडे फुगते आणि बारीकसारीक फटी बुजायला वेळ मिळतो. जाळीवर नवव्या सेकंदाला थेंब दिसले, बाराव्या सेकंदापर्यंत ते जाळीभर पसरले. किती सेकंद भिजवायचं याचं माप घड्याळात शोधू नये. जाळी सगळी ओली दिसली की थांबा संपला.

तिथून पाच सेकंदांत दाब आठ बारवर नेला, घाई न करता. यानंतर मैत्रिणीला गेजकडे पाहू दिलं नाही. तिला एवढंच सांगितलं की दांड्याचं टोक ज्या वेगाने आता खाली जातंय तोच वेग शेवटपर्यंत ठेव, दांडा पळायला लागला तर हात हलका कर. चित्रणात नंतर पाहिलं तर दाब आपसूक उतरत गेला होता. पंचविसाव्या सेकंदाला सात बार आणि कपात 13 ग्रॅम. पस्तिसाव्याला साडेपाच बार आणि 27 ग्रॅम. चाळिसाव्याला साडेचार बार आणि 34 ग्रॅम, तिथे थांबवलं. शेवटच्या पंधरा सेकंदांत वेग सेकंदाला 1.4 ग्रॅमवर टिकून होता. धार जाळीच्या मध्यावर एकवटलेली राहिली, शेवटाकडे सगळीच थोडी फिकी झाली. चव गोडसर आणि दाट, शेवटी हलका कडूपणा, आंबट टोक गेलेलं. क्रेमा मात्र आधीपेक्षा थोडा पातळ होता. ज्यांना कपावर जाड थर हवा असतो त्यांना हे खटकेल, मला खटकत नाही.

गंमत अशी की तिच्या हाताने जी रेघ काढली, आठवरून साडेचारपर्यंत हळू उतरणारी, ती स्प्रिंगच्या यंत्राच्या रेघेशी बरीच जुळते. स्प्रिंग जितकी मोकळी होते तितका तिचा जोर कमी होत जातो. पूर्ण आवळलेली असताना ती साधारण नऊ बारच्या आसपास ढकलते आणि शॉटच्या अखेरीस बरीच खाली आलेली असते. इकडे पकचा अडथळाही घटत असतो. दोन्ही एकत्र उतरल्यामुळे प्रवाह फारसा पळत नाही. जुन्या स्प्रिंग यंत्रांच्या कॉफीत शेवट सौम्य असतो असं म्हणतात, त्याचं मोठं कारण हेच असावं. हाताच्या यंत्रात ही रेघ आपण काढतो, त्यामुळे ती कॉफीप्रमाणे वाकवताही येते.

मग एक मुद्दाम उलटी चाचणी केली. दळण बरंच जाड केलं आणि तिला म्हटलं, आता काटा आठवर ने. नेता आला नाही. दांडा सरळ खाली गेला, काटा चारच्या आसपास घुटमळला आणि बारा-तेरा सेकंदांत कप भरला. तिचा पहिला समज असा झाला की सील गळतंय. सील ठीक होतं. दाब तयार होण्यासाठी पाण्याला अडवणारं काहीतरी समोर लागतं. पक अडवत नसेल तर हाताने कितीही जोर लावायचा म्हटला तरी दांडा आधीच निसटतो आणि तो जोर लागतच नाही. पंपाच्या यंत्रावरही हेच घडतं, पण तिथे ते एका बटणामागे झाकलेलं असतं. सील खरंच गळत असेल तर ते निराळं ओळखू येतं: दांडा उतरतो, कपाचं वजन त्या मानाने वाढत नाही आणि दट्ट्याच्या वर पाणी जमतं.

ही चाचणी केली कारण हात शिकला की माणसाला वाटतं, आता दळण कसंही चालेल. तसं होत नाही. हाताने दाब कमी करून वाट रुंदावण्याचा वेग आवरता येतो, पडलेली वाट बुजवता येत नाही. पूड बास्केटमध्ये एका बाजूला ढीग करून पडली असेल किंवा पूड दाबायचा टॅम्पर तिरका बसला असेल, तर दोन बारवर कितीही भिजवा, शॉट त्याच बाजूने फुटेल. मैत्रिणीच्या बाबतीत भोक नेहमी एकाच कडेला पडत होतं. बारीक सुईने पूड हलवून सारखी करायला लागल्यावर तेही गेलं.

दुसरी मर्यादा उष्णतेची. या यंत्रात पाणी तापवत ठेवणारं काही नाही. ओतल्या क्षणापासून सिलिंडरमधलं पाणी निवत जातं. भिजवण्याने सुधारणा झाली हे पाहून तिने पुढे पंचवीस-तीस सेकंद भिजवून पाहिलं. धार सुंदर पडली, पण कॉफी पुन्हा आंबट आणि निर्जीव लागली. या वेळचा आंबटपणा वेगळा होता, त्याच्यासोबत कडूपणा नव्हता. जाळी एकसारखी, वेग एकसारखा आणि तरी आंबट असेल तर दाबाकडे न जाता पाण्याकडे जायचं. हलक्या भाजणीच्या बियांना हे जास्त भोवतं, कारण त्यांना उतरायला गरम पाणी लागतं.

दोन सवयी मात्र या यंत्रावर पहिल्या दिवसापासून लावून घ्याव्यात. शॉटच्या मध्ये दांडा वर उचलायचा नाही. दट्ट्या वर गेला की पकच्या वर पोकळी तयार होते, पक तडकतो, पूड वर ओढली जाऊन सीलमध्ये अडकते आणि पुढचे शॉट खरखरीत होतात. हात हलका करणं म्हणजे कमी दाबणं, उचलणं नव्हे. आणि कप काढल्यावर लगेच पोर्टाफिल्टर सोडवायचा नाही. आत अडकलेली हवा अजून दाब धरून असते, गरम पुडीचा फवारा अंगावर येतो. काटा शून्यावर आल्याशिवाय हात लावू नये. स्प्रिंगच्या यंत्राला यात आणखी एक भर: खाली ओढलेला दांडा, समोर पुडीचा अडथळा नसताना, कधीच सोडू नये. तो पूर्ण जोराने वर उसळतो आणि हनुवटीपर्यंत पोचतो.

नंतर तिने गडद भाजणीची कॉफी आणली. ती लवकर उतरते आणि पकही लवकर सैल पडतो. तिथे भिजवणं पाच-सहा सेकंदांवर आणलं, दाब सहा-साडेसहाच्या पुढे नेला नाही आणि 28 ग्रॅमला थांबवलं. दांड्याचा वेग मात्र जवळपास तोच ठेवला. गेज अजून यंत्रावरच आहे. पहिल्या दहा सेकंदांत ती त्याच्याकडे पाहते, दोन बारची पायरी चुकू नये म्हणून, आणि थेंब जाळीभर पसरले की नजर जाळीवर आणि दांड्यावर जाते.